व्यापाऱ्याकडून गूळ घेतला जातो

मराठी व्याकरणाच्या एका वर्कशीटवर वाक्य होतं, 'व्यापारी गूळ विकत घेतो.' वर सूचना, 'कर्मणी प्रयोगात रूपांतर करा.' मुलीनं वळणदार अक्षरात उत्तर लिहिलं होतं, 'व्यापाऱ्याकडून गूळ विकत घेतला जातो', आणि शेजारी लाल शाईत बरोबरची खूण होती. तिचे वडील मार्केट यार्डात कामाला, गुळाच्या सौद्यात रोज उभे राहणारे. त्यांनी वही हातात घेतली, वाक्य वाचलं आणि सहज विचारलं, "मग विकतोय कोण? व्यापारी होय?" मुलगी गोंधळली. नियम तर सगळे पाळले होते. कर्त्याला 'कडून' लावला होता, कर्म प्रथमेत होतं, क्रियापद कर्माप्रमाणे चाललं होतं. तरी सौद्यात वावरणाऱ्या माणसाला त्या वाक्यात खरेदीदाराच्या जागी विकणारा दिसला. मला तो प्रश्न सोडवेना. चूक मुलीची नव्हती, आणि खूण करणाऱ्या बाईंचीही नव्हती म्हणा. वर्कशीटनं वाक्यच असं निवडलं होतं की नियम पाळला की अर्थ उलटतो.

हे का होतं ते पाहायचं तर आधी रूपांतर नीट करून बघितलं पाहिजे. गुळाचा विषय निघालाच आहे, तर गुऱ्हाळातलंच वाक्य घेऊ. 'कामगार उसाचा रस काहिलीत आटवतात.' कर्ता 'कामगार', कर्म 'रस', क्रियापद 'आटवतात'. आता तीन गोष्टी करायच्या. कर्त्याचं सामान्यरूप करून 'कडून' लावायचा, 'कामगारांकडून'. कर्म आहे तसं ठेवायचं, 'रस'. आणि क्रियापदाचं भूतकाळी कृदंत करून त्याला 'जाणे' जोडायचं, 'आटवला जातो'. काळ सांभाळण्याचं काम 'जाणे' करतं, कृदंताला त्याचं देणंघेणं नाही. आटवत आहेत, तर 'आटवला जात आहे'. आटवत होते, तर 'आटवला जात होता'. आटवतील, तर 'आटवला जाईल'. पूर्वीची रीत सांगायची, तर 'आटवला जात असे'. मुलं इथं एक चूक हमखास करतात. मूळ वाक्यातला कर्ता अनेकवचनी असला की त्यांचं क्रियापद त्याच्याच मागं जातं आणि 'कामगारांकडून रस आटवले जातात' असं काहीतरी तयार होतं. 'कडून' लागला की कर्त्याचा क्रियापदावरचा हक्क संपतो, हे हाताला वळण लागेपर्यंत पुन्हा पुन्हा करून बघावं लागतं. रस आटवला जातो, मळी काढली जाते, भेंडीचं पाणी घातलं जातं, गुळाचे रवे भरले जातात. एकाच कामातली ही चार वाक्यं मुलांकडून लिहून घेतली की लिंग आणि वचन कर्मामागं कसं वळतं ते त्यांना दिसतं. दुसरी अडचण कृदंताची. 'सांग'चं 'सांगितली', 'माग'चं 'मागितली', 'घे'चं 'घेतली', 'पी'चं 'प्यायली', 'धू'चं 'धुतली'. नियमानं जाणारी मुलं 'सांगली जाते' लिहितात. त्यांना सोपा उपाय एकच, आधी त्या क्रियापदाचं कालचं वाक्य मोठ्यानं म्हणायचं. 'काल आजीनं गोष्ट सांगितली.' त्यातलं 'सांगितली' उचलायचं आणि पुढं 'जाते' लावायचं.

आता त्या कालच्या वाक्याकडंच जरा थांबून बघा.

'आजीनं गोष्ट सांगितली' हे वाक्य वर्कशीटवर 'कर्तरी' म्हणून छापलेलं असतं आणि त्याचं कर्मणी करायला सांगितलेलं असतं. पण ते आधीच कर्मणी आहे. गोष्टीऐवजी किस्सा घाला, क्रियापद 'सांगितला' होतं. आजीऐवजी आजोबा घाला, क्रियापद ढिम्म हलत नाही. म्हणजे क्रियापद कर्माच्या ताब्यात आहे, आणि प्रयोग ओळखायची आपली कसोटी तीच आहे. मराठीत सकर्मक क्रियापदाचा साधा भूतकाळ बहुतेक वेळा असाच असतो. 'मी भाकरी खाल्ली', 'तू पत्र वाचलंस', 'पोरांनी दंगा केला', सगळी कर्मणी. 'मी' आणि 'तू' यांना 'ने' लागलेला दिसत नाही म्हणून मुलं फसतात, पण भाकरीच्या जागी आंबा ठेवला की 'खाल्ला' होतं, तेवढ्यावर निकाल लागतो. उलट 'मी धडा शिकलो', 'ती साडी नेसली', 'तो नाव विसरला' ही भूतकाळात असूनही कर्तरीच, कारण शिकणे, नेसणे, विसरणे यांसारखी काही क्रियापदं कर्त्याला सोडत नाहीत. इंग्रजीच्या तासाला व्हॉइस शिकवतात त्या साच्यात मराठीची वाक्यं बसवून जे वर्कशीट तयार होतं, त्यात ही गफलत ठरलेली. इंग्रजी व्हॉइस विचारतो, करणारा पुढं आहे की मागं. मराठी प्रयोग विचारतो, क्रियापद कुणाचं ऐकतं. 'आजीनं गोष्ट सांगितली' यात करणारी आजी पुढंच आहे, पण क्रियापद ऐकतं गोष्टीचं. काही उत्तरसूच्या तर 'राजू पुस्तक वाचतो' याचं कर्मणी 'राजूने पुस्तक वाचले' असं देतात. प्रयोग बदलला हे खरं, पण त्याबरोबर काळही बदलला. राजू वाचतो आहे ते पुस्तक त्यांनी वाचून संपवलं. काळ न हलवता उत्तर हवं असेल तर 'राजूकडून पुस्तक वाचले जाते' हेच द्यावं लागतं. व्याकरणात याला नवीन कर्मणी म्हणतात. वर्कशीटवरची अवघडलेली वाक्यं बहुतेक करून याच वाटेनं येतात.

अवघडलेपण येतं ते 'कडून'मुळं. हा शब्द मराठीत रिकामा नाही, आधीच कामात आहे.

त्याचं पहिलं काम म्हणजे एखादी वस्तू कुठून आली ते सांगणं. दुकानदाराकडून साखर आणली, मामाकडून पैसे घेतले, गुरुजींकडून पाढे शिकलो. घेणे, मागणे, आणणे, मिळवणे, शिकणे या क्रियापदांशेजारी 'कडून' दिसला की मराठी कान तो 'पासून'च्या अर्थानं ऐकतो, दुसरा अर्थ सुचायच्या आत. म्हणून 'व्यापाऱ्याकडून गूळ विकत घेतला जातो' हे वाक्य सौद्यातल्या माणसाला उलटं लागलं. मूळ वाक्य जरा पूर्ण केलं तर दोष उघडाच पडतो. 'व्यापारी शेतकऱ्याकडून गूळ विकत घेतो.' याचं वर्कशीटच्या नियमानं होतं, 'व्यापाऱ्याकडून शेतकऱ्याकडून गूळ विकत घेतला जातो.' दोन 'कडून' शेजारी बसले आणि दोघंही एकाच अर्थाचा दावा करू लागले. त्यात अडत्या आणला तर विचारायलाच नको. हे वाक्य सुधारायला तीन वाटा आहेत आणि तिन्ही रोजच्या बोलण्यातल्या आहेत. करणारा सांगायची गरज नसेल तर त्याला गाळून टाका, 'शेतकऱ्यांकडून गूळ विकत घेतला जातो'. आता 'कडून' एकच आणि त्याचं काम स्वच्छ. गुळाबद्दल बोलत असाल आणि घेणारा सांगायचाच असेल, तर नुसता क्रम फिरवा, 'गूळ व्यापारी विकत घेतात'. मराठीत कर्म पुढं आणायला प्रयोग बदलावा लागत नाही, शब्द उचलून पुढं ठेवला की झालं. किंवा क्रियापदाचं नाम करा, 'गुळाची खरेदी व्यापारी करतात'. वर्कशीटला यातलं काही चालत नाही, कारण तिथं उत्तराच्या रेघेवर 'कडून' दिसला पाहिजे असं आधीच ठरलेलं असतं.

दुसरं काम जास्त नाजूक आहे. 'माझ्याकडून कप फुटला.' 'माझ्याकडून सांगायचं राहून गेलं.' 'बोलता बोलता माझ्याकडून नाव घेतलं गेलं.' इथं 'कडून' सांगतो की झालं ते माझ्या हातून, पण मी करायला गेलो नव्हतो. माणसाच्या नावाला 'कडून' लागला आणि पुढं 'गेलं' आलं की मराठी कानाला नकळत घडल्याचा वास येतो. शाळेत खिडकीची काच फुटल्यावर ही सगळी वाक्यं एकाच दिवसात ऐकायला मिळतात. मुलगा आधी म्हणतो, "काच फुटली." जरा दरडावलं की, "माझ्याकडून फुटली." अजून एक पायरी खाली उतरला तर, "मी फोडली." वर्गशिक्षकांच्या अहवालात येतं, 'काच फोडली गेली', आणि कार्यालयाच्या पत्रात, 'काच फोडण्यात आली'. पाचही वाक्यांत घटना तीच आहे. पण पहिल्यात करणारा कुणी नाही. दुसऱ्यात करणारा आहे, पण त्याचा हेतू नाही. तिसऱ्यात हेतूही असू शकतो. चौथ्यात कुणीतरी आहे, पण त्याचं नाव झाकलेलं. आणि पाचव्यात तर कुणीतरी ठरवून, रीतसर काच फोडल्यासारखं वाटतं, जे मुख्याध्यापकांना मुळीच म्हणायचं नव्हतं. आता वर्कशीटकडं वळा. 'आई भाकरी करते.' उत्तर, 'आईकडून भाकरी केली जाते.' व्याकरण निर्दोष. पण आई रोज ठरवून, हातानं थापून भाकरी करते, आणि या वाक्यात ती आईच्या हातून होऊन जाते. नाहीतर मग एखाद्या पाहणीच्या अहवालात कुटुंबातली कामं कोण करतं याची नोंद चालली आहे असं वाटतं. 'माझ्याकडून दूध प्यायले जाते' हे तर आणखी बिघडलेलं. ते ऐकून पुढचं वाक्य 'प्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय तरी' असं येईल की काय, असं वाटत राहतं. नकार आला की अर्थ अजून सरकतो. 'माझ्याकडून एवढी भाकरी खाल्ली जात नाही' म्हणजे खाववत नाही, जमत नाही. आपल्याकडं तेच 'माझ्याच्यानं खाववत नाही' असंही म्हणतात. 'मी भाकरी खात नाही' हे सवय सांगणारं वाक्य होतं, आणि कर्मणीत गेल्यावर ते असमर्थता सांगायला लागलं. म्हणून 'मी', 'आम्ही', 'तू' कर्ता असलेली, त्यातही नकारार्थी वाक्यं कर्मणीच्या सरावाला घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा सरावात मुलं फक्त रूप गिरवतात, आणि ते रूप बोलण्यात कशासाठी वापरतात हे विसरायला शिकतात.

यावरून एक तपासणी सुचते. कर्मणी वाक्य लिहून झालं की त्यातला 'कडून'वाला तुकडा बोटानं झाकायचा आणि उरलेलं वाचायचं. 'रस काहिलीत आटवला जातो.' पूर्ण आहे, नीट आहे, कुणी आटवला हे कुणी विचारणार नाही. असं वाक्य कर्मणीत शोभतं. 'भाकरी केली जाते.' हेही एकटं चालेल, पण मग ते वाक्य आईबद्दल उरलं नाही, एखाद्या गावच्या खाण्याबद्दल झालं. म्हणजे आई महत्त्वाची असेल तर कर्तरीच हवं. आणि 'दूध प्यायले जाते' वाचून 'कुठं?' असा प्रश्न पडतो, कारण वाक्य आता एका मुलाचं राहिलेलंच नाही. झाकलेला तुकडा जर वाक्यातली खरी बातमी असेल, तर तिला 'कडून' लावून मागं ढकलणं हीच चूक. या एका तपासणीनं वर्कशीटवरची बरीचशी वाक्यं वेगळी काढता येतात.

गुऱ्हाळाचं वर्णन मात्र कर्मणीला फार जवळचं आहे, आणि तिथंच आणखी एक गोष्ट कळते. समजा मुलांना सांगितलं, गूळ कसा करतात ते कर्मणी प्रयोगात लिहा. 'ऊस घाण्यात घातला जातो. रस काहिलीत घेतला जातो. खाली चुलवाणात चिपाडे जाळली जातात. भेंडीचे पाणी घालून मळी काढली जाते. पाक तयार झाला की तो वाफ्यात ओतला जातो.' यात एकही 'कडून' नाही आणि एकही वाक्य खटकत नाही, कारण लक्ष सगळं रसाकडं आहे, माणसांकडं नाही. पण हीच कृती गुऱ्हाळावर उभं राहून कुणाला विचारली, तर तो असं एकही वाक्य बोलणार नाही. तो म्हणेल, "ऊस घाण्यात घालत्यात, रस काहिलीत घेत्यात, मळी काढत्यात, मग वाफ्यात वतत्यात." प्रमाण भाषेत घालतात, घेतात, काढतात, ओततात. कर्ता नाही, क्रियापद अनेकवचनी, प्रयोग कर्तरीच. करणारा कोण हे सांगायचं नाही म्हटलं की मराठीचा पहिला हात या वाक्याकडं जातो. 'इथं चप्पल काढतात.' 'त्याला आबा म्हणतात.' 'कोल्हापुरात जेवणाबरोबर तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्सा देतात.' कर्मणीचं निम्मं काम हे वाक्य एकटं करतं आणि तरी वर्कशीटवर त्याला जागा नाही, कारण इंग्रजीच्या साच्यात ते बसत नाही. पाठ्यपुस्तकाची, अहवालाची भाषा लिहायची तर 'घेतला जातो'. शेजाऱ्याला सांगायचं तर 'घेतात'. दोन्ही बरोबर, फक्त जागा वेगळ्या. मात्र गुळव्या मध्येच काहिलीजवळ येऊन पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघतो, तिथं दोन्ही सोडून द्यावं लागतं. 'थेंब पाण्यात टाकून पाहिला जातो' म्हटलं की त्या माणसाची पारख वाक्यातून निघून जाते. गूळ जमणार की नाही हे त्याच्या नजरेवर ठरतं. त्या एका वाक्यात 'गुळव्या थेंब पाण्यात टाकून बघतो' असं कर्तरीत येणंच योग्य. पाच वाक्यं कर्मणीत आणि सहावं कर्तरीत लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापू नये, त्यानं कृती नीट पाहिली आहे.

'मारणे' या क्रियापदाला मी वर्कशीटच्या बाहेरच ठेवीन. 'शिक्षकांनी मुलाला मारले' याचं एका ठिकाणी दिलेलं उत्तर, 'मुलगा शिक्षकांकडून मारला गेला.' मराठीत 'मारला गेला' म्हणजे जिवानिशी गेला. छडीचा मार बसलेला मुलगा रूपांतराच्या फेऱ्यात मेला. मूळ वाक्यात 'मुलाला' होतं, ते 'मुलगा' केल्यानं हा अनर्थ झाला. व्यक्ती कर्म असते तेव्हा तिच्या मागचा 'ला' तसाच ठेवून 'मुलाला मारले गेले' म्हणता येतं. प्रयोग भावे होतो, पण मुलगा वाचतो. 'शिक्षक मुलाला शिकवतात' याचंही 'मुलगा शिकवला जातो' होत नाही, 'मुलाला शिकवले जाते' होतं, कारण शिकवला जातो तो धडा. आजी नातवाला गोष्ट सांगते, तेव्हा गोष्ट सांगितली जाते, नातू नाही. आणि कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानातलं 'पैलवानानं कुस्ती मारली' हे वाक्य तर कुणी चुकूनही रूपांतराला देऊ नये. 'कुस्ती मारली गेली' म्हटलं की जिंकणं बाजूला राहून भलतंच काही झाल्यासारखं वाटतं. क्रियापद आणि कर्म मिळून एक अर्थ झाला असेल, तर त्यांना सोडवून वेगळं उभं करता येत नाही.

कर्मणीचं दुसरं रूप, '-ण्यात येणे', आपल्याला शिकवावं लागत नाही, ते पावसाळ्यात आपोआप कानावर पडतं. 'सखल भागातील नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले.' 'रस्ता वाहतुकीसाठी बंद करण्यात आला आहे.' ही वाक्यं अस्सल वाटतात, कारण इथं करणारी कुणी एक व्यक्ती नाही, यंत्रणा आहे, आणि केलं ते ठरवून केलं. हे रूप हेतू आणि अधिकार दोन्ही गृहीत धरतं, म्हणूनच 'काच फोडण्यात आली' इतकं विचित्र वाटतं. आता पुराच्याच बातमीतलं एक वाक्य तपासून बघू. 'राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडण्यात आले.' व्याकरण ठीक, कान फारसा अडत नाही, पण विधान चुकीचं आहे. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि तलावाची पातळी ठरावीक उंचीला पोचली की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. त्यांना कुणी उघडत नाही. 'उघडण्यात आले' म्हटलं की मनात एक अधिकारी उभा राहतो, त्यानं निर्णय घेतलेला असतो, आणि मग पाणी का सोडलं असा जाबही त्यालाच विचारला जातो. इथं हवं ते साधं अकर्मक वाक्य, 'राधानगरीचे दरवाजे उघडले'. मराठीत 'उघडणे' दोन्ही बाजूंनी चालतं, दार उघडतं आणि आपणही दार उघडतो, म्हणून मूळ वाक्यातून नेमकं काय घडलं ते आधी समजून घ्यावं लागतं. याउलट अलमट्टी धरणाच्या बाबतीत 'विसर्ग वाढवण्यात आला' हेच बरोबर, कारण तिथं विसर्ग किती ठेवायचा हा निर्णय माणसं घेतात. 'विसर्ग वाढला' लिहिलं तर तो निर्णय वाक्यातून पुसला जातो. एकाच पुराच्या बातमीत दोन धरणांना दोन वेगळे प्रयोग लागतात, आणि कुठं कुठला हे व्याकरणाच्या पुस्तकात नाही, दरवाज्याच्या रचनेत आहे.

नदीचंही तसंच. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे इथल्या पोराठोरांना पाठ असतं. 'पंचगंगेने इशारा पातळी ओलांडली' हे वाक्य सरावाला दिलं तर उत्तर येतं, 'पंचगंगेकडून इशारा पातळी ओलांडली गेली'. मूळ वाक्य कर्मणीच होतं, त्यामुळं काही कमावलं नाही. आणि 'कडून' लागल्यामुळं नदीच्या हातून काहीतरी चूक घडल्यासारखं झालं, तो दुसरा दोष. पोरं हे वाचून हसतात आणि त्यांचं हसणं बरोबर असतं. आवडणे, दिसणे, समजणे, वाटणे या क्रियापदांना तर हात लावायचाच नाही. 'मला आंबा आवडतो' यात मी काही करतच नाही, 'मला' म्हणजे ज्याला ते होतं तो. 'माझ्याकडून आंबा आवडला जातो' असं उत्तर ज्या वर्कशीटवर अपेक्षित असेल, त्या वर्कशीटवर तो प्रश्न खोडून पुढं जावं.

वर्कशीट आपल्या हातात तयार होऊन येतं, ते बदलता येत नाही, आणि परीक्षेत सूचनेप्रमाणे रूप लिहिलं नाही तर गुण जातात, ही अडचण खरी आहे. म्हणून दोन रेघा ठेवाव्यात. पहिल्या रेघेवर सूचनेप्रमाणे रूपांतर, त्यात 'कडून', कृदंत, 'जाणे', लिंगवचन, काळ एवढंच तपासायचं आणि त्याचे पूर्ण गुण द्यायचे. दुसऱ्या रेघेवर मुलानं ठरवायचं की हे वाक्य कुठं वापरता येईल, आणि कुठंच येत नसेल तर तो अर्थ मराठीत कसा म्हणतात. 'व्यापाऱ्याकडून गूळ विकत घेतला जातो'च्या खाली 'गूळ व्यापारी विकत घेतात'. 'आईकडून भाकरी केली जाते'च्या खाली 'भाकरी आई करते'. 'पोलिसांकडून चोर पकडला गेला'च्या खाली मात्र काही लिहायची गरज नाही, कारण पोलीस ही यंत्रणा आहे, पकडणं हे तिचं काम आहे आणि बातमी चोराची आहे, तिथं कर्मणी आपल्या जागी आहे. दहा वाक्यांच्या वर्कशीटवर अशी दुसरी रेघ कोरी राहिलेली तीन-चार वाक्यं निघाली तरी पुष्कळ. सरावासाठी तीच निवडावीत आणि उरलेली फळ्यावर घेऊन, ती का चालत नाहीत यावर मुलांना बोलू द्यावं. सौद्यात जाणाऱ्या घरातलं मूल, गुऱ्हाळ असलेल्या घरातलं मूल आणि धरणाच्या खालच्या गावातलं मूल, तिघांना वेगवेगळी वाक्यं खटकतील.